गोदाकाठची जागा कोणाची? विश्वस्तता आणि शाश्वत विकास, काही प्रसंगांतून

कुंभमेळ्यात साधूंच्या राहण्यासाठी साधुग्राम उभारायला नाशिकच्या तपोवनातली झाडं तोडायचा विषय २०२५ च्या अखेरीस पेटला, तेव्हा संध्याकाळच्या वर्गात एका मुलाने विचारलं, "सर, जागा महापालिकेची, कुंभमेळ्याची तयारी सरकारची, झाडं तोडायची परवानगी देणारीही महापालिकाच. मग कायदा मध्ये येतो कुठून?"

मी वकिली करतो आणि संध्याकाळी कायद्याच्या विद्यार्थ्यांना पर्यावरण कायदा शिकवतो. हाच प्रश्न मला पंचवटीत भाजी घेताना, कोर्टाच्या आवारात चहा पिताना आणि सोसायटीच्या बैठकीतही विचारला गेला आहे. त्याचं उत्तर दोन तत्त्वांत आहे. एक, सार्वजनिक विश्वस्ततेचं तत्त्व. दुसरं, शाश्वत विकास. दोन्ही नावं वर्तमानपत्रांत एकत्रच येतात, त्यामुळे ती एकच आहेत असं वाटतं. परीक्षेत चार ओळींचा प्रसंग देऊन "कोणतं तत्त्व लागू होईल?" असं विचारलं, की बरीच मुलं नदी किंवा झाड दिसल्याबरोबर "शाश्वत विकास" लिहून मोकळी होतात. निम्म्या वेळा ते चूक असतं, आणि प्रत्यक्ष खटल्यात अशी चूक फार महागात पडते.

## पुतण्याची द्राक्षबाग

विश्वस्त हा शब्द आपल्याला देवस्थानामुळे माहीत आहे. देवीचे दागिने विश्वस्तांच्या ताब्यात असतात, पण त्यांचे नसतात. वर्गात मी मात्र वेगळं उदाहरण देतो, कारण कायद्याच्या ते जास्त जवळ जातं.

समजा, पिंपळगावकडचा एक शेतकरी वारला. मुलगा आठ वर्षांचा. चार एकर द्राक्षबाग मुलाच्या नावावर लागली आणि कोर्टाने काकाला त्याचा पालक नेमलं. काका छाटणी करतील, औषधं मारतील, माल व्यापाऱ्याला देतील, आलेल्या पैशातून मुलाची फी भरतील. हे सगळं त्यांनी करायचंच आहे. पण ती बाग उद्या त्यांनी आपल्या मेव्हण्याच्या नावावर करून दिली, तर? "बाजारभावाने पैसे घेतले, एक रुपया कमी नाही घेतला," असं म्हणून त्यांची सुटका होत नाही. बाग त्यांची नव्हतीच. विकायची खरोखर गरज पडली, तर आधी कोर्टात जाऊन, कारण सांगून, परवानगी घ्यावी लागते.

सार्वजनिक विश्वस्ततेचं तत्त्व एवढंच सांगतं, की नदी, तिचा काठ, समुद्रकिनारा, तलाव, हवा, जंगल यांच्या बाबतीत सरकार हे त्या काकासारखं आहे. पुतण्या म्हणजे आपण सगळे, आणि अजून जन्माला न आलेलेही.

ही कल्पना रोमन कायद्यातली. हवा, वाहतं पाणी, समुद्र आणि त्याचा किनारा ही सगळ्यांची सामाईक गोष्ट आहे, असं सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या कायद्यात लिहिलं गेलं. १९७० साली जोसेफ सॅक्स या अमेरिकी प्राध्यापकांनी तिला आधुनिक रूप दिलं आणि सरकारवर येणारी तीन बंधनं सांगितली. अशी मालमत्ता लोकांच्या उपयोगासाठीच वापरायची आणि लोकांना खुली ठेवायची. योग्य किंमत मिळत असली तरी ती विकायची नाही. आणि ज्या प्रकारच्या वापरासाठी ती आहे, त्या वापरासाठी ती टिकवायची. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हीच तीन बंधनं उचलली. ती ज्या खटल्यात उचलली, तो नीट समजला की बाकीचं सोपं जातं.

## बियास नदीच्या काठचं मोटेल

हिमाचल प्रदेशात कुलू-मनालीच्या रस्त्यावर, बियास नदीच्या अगदी काठाला एका कंपनीचं मोटेल होतं. त्यासाठी तिच्याकडे सरकारी जमीन भाडेपट्ट्याने होती. त्याला लागून असलेल्या आणखी जमिनीवरही तिने बस्तान बसवलं. ही जमीन वनखात्याची, नदीपात्राला चिकटलेली. पुढे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोव्हेंबर १९९३ मध्ये मंजुरी दिली आणि एप्रिल १९९४ मध्ये राज्य सरकारने २७ बिघे १२ बिस्वे जमिनीचा पट्टा कंपनीला करून दिला. म्हणजे अतिक्रमणावर सरकारी शिक्का बसला.

१९९५ च्या पावसाळ्यात बियासला मोठा पूर आला. नदीचं पाणी मोटेलच्या बाजूला वळलं. कंपनीने काय केलं, तर बुलडोझर आणि माती उचलणारी यंत्रं लावून पात्र खोदलं, काठावर काँक्रीटचे ठोकळे आणि तारेच्या जाळीत भरलेले दगड रचले आणि प्रवाह दुसरीकडे वळवला. नदी अडथळ्यामुळे एका काठावरून हटली, की समोरच्या काठावर जोर काढते, हे ज्यांनी आपल्या घाटावर पूर पाहिला आहे त्यांना सांगायला नको. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की सराफ बाजारातले दुकानदार माल वरच्या मजल्यावर हलवायला घेतात. पाणी जागा शोधतंच. एका ठिकाणी भराव टाकला, तर ते दुसऱ्याच्या दारात जातं.

फेब्रुवारी १९९६ मध्ये वर्तमानपत्रात याची बातमी आली. सर्वोच्च न्यायालयाने तिची दखल घेतली आणि १३ डिसेंबर १९९६ ला निकाल दिला. 'एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ' या नावाने तो ओळखला जातो.

कंपनीचं म्हणणं होतं, की आमच्याकडे रीतसर पट्टा आहे, केंद्राची मंजुरी आहे, आणि प्रवाह वळवला तो आमची मालमत्ता वाचवायला. न्यायालयाने उलट प्रश्न विचारला. पट्टा द्यायचा अधिकार सरकारकडे होता का? नदीकाठची ही नाजूक जमीन सरकारच्या ताब्यात होती, पण विश्वस्त म्हणून. ती खासगी, धंदेवाईक वापरासाठी देऊन सरकारने विश्वासाचा भंग केला. म्हणून मंजुरीही रद्द, पट्टाही रद्द. जमीन सरकारने परत घ्यायची आणि मूळ स्थितीत आणायची.

याच निकालात दुसरीही एक गोष्ट आहे, आणि मुलांचा गोंधळ नेमका तिथे होतो. नदीचं आणि काठाचं जे नुकसान झालं, ते दुरुस्त करायचा खर्च मोटेलने द्यायचा, असंही न्यायालयाने सांगितलं. मोटेलच्या इमारतींपासून चार मीटरच्या आत कुंपणाची भिंत घालायची आणि पलीकडचा काठ लोकांना खुला ठेवायचा. पुढे, २००२ मध्ये, कंपनीला जरब बसावी म्हणून १० लाख रुपये भरपाईही लावली गेली.

आता हे दोन आदेश शेजारी ठेवून पाहा. पट्टा रद्द करण्याचा आदेश पट्टा देणाऱ्याच्या विरोधात आहे, म्हणजे सरकारच्या. खर्च वसूल करण्याचा आदेश बिघडवणाऱ्याच्या विरोधात आहे, म्हणजे कंपनीच्या. पहिला विश्वस्ततेतून आला. दुसरा "जो प्रदूषण करेल तो भरेल" या नियमातून आला, आणि तो नियम शाश्वत विकासाच्या घरातला आहे. माझ्या मते दोन तत्त्वं वेगळी ओळखायची इतकी सोपी खूण दुसरी नाही. तक्रारीचं बोट कोणाकडे आहे आणि कशासाठी आहे, ते आधी बघायचं.

## मग शाश्वत विकास म्हणजे काय?

आजची गरज भागवताना पुढच्या पिढ्यांची गरज भागवायची क्षमता संपवायची नाही, ही त्याची १९८७ पासून चालत आलेली व्याख्या. वाचायला छान, पण खटला चालवायला अपुरी. तिला हातपाय दिले ते ऑगस्ट १९९६ च्या वेल्लोरच्या निकालाने, म्हणजे मोटेलच्या निकालाच्या साडेतीन महिने आधी.

तमिळनाडूत पालार नदीच्या परिसरात चामडं कमावण्याचे शेकडो कारखाने प्रक्रिया न केलेलं पाणी बाहेर सोडत होते. शेतजमिनी नापीक झाल्या, विहिरींचं पाणी पिण्याजोगं राहिलं नाही. दुसरीकडे, चामड्याच्या निर्यातीतून परकीय चलन येत होतं आणि हजारो हातांना काम होतं. न्यायालय उद्योगाला सरसकट नाही म्हणालं नाही. पर्यावरण बिघडवून धंदा करायचा हक्क मात्र कोणाला नाही, असं म्हणालं. प्रक्रिया केंद्र उभारायला मुदत दिली, कारखान्यांना प्रत्येकी १० हजार रुपये दंड लावला आणि शाश्वत विकासाचे दोन मुख्य नियम पक्के केले.

एक नियम आपण पाहिला, प्रदूषण करणाऱ्याने भरायचं. पीडितांची भरपाई आणि बिघडलेली जमीन-पाणी सुधारायचा खर्च, दोन्ही. दुसरा सावधगिरीचा. मोठं आणि न भरून येणारं नुकसान होण्याची शक्यता असेल, तर "अजून शास्त्रीय पुरावा पूर्ण नाही" ही सबब हातावर हात ठेवून बसायला चालणार नाही. आणि काम धोक्याचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी ते काम करणाऱ्यावर.

आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे लगेच पटतं. शेजारच्या गव्हात कोणी टू-फोर-डी हे तणनाशक मारलं आणि वारा बागेकडे असला, तर कोवळी द्राक्षाची पानं पंख्यासारखी आकसून वाकडी होतात. पानं वाकडी झाल्यावर पुरावा मिळतो, पण हंगाम गेलेला असतो. म्हणून फवारणाऱ्याने आधी वारा बघायचा आणि बागेला धोका नाही हे त्यानेच दाखवायचं.

## चार प्रसंग

आता काल्पनिक प्रसंग घेऊ. गावं आपली आहेत, घटना मी रचलेल्या आहेत.

एका महापालिकेने गोदावरीच्या काठचा, लोक रोज वापरतात तो पट्टा ३० वर्षांसाठी एका उपाहारगृहाला दिला. भाडं चांगलं आहे, निविदा रीतसर निघाली, झाड एकही तोडलं नाही, सांडपाण्याची सोय चोख आहे. फक्त काठावर उतरायचा रस्ता आता उपाहारगृहाच्या फाटकातून जातो. इथे "शाश्वत विकास" लिहिणारा फसतो, कारण नुकसान दाखवायला काहीच नाही. पाणी तेवढंच स्वच्छ आहे. तरीही हा प्रसंग सरळ विश्वस्ततेचा आहे. सामाईक वस्तू, विश्वस्ताने दिली, आणि लोकांच्या हातून गेली. भाडं चांगलं असणं हे उत्तर होत नाही, ते सॅक्सचं दुसरं बंधनच सांगतं. लखनौच्या अमीनाबादमधल्या झंडेवाला पार्कखाली तिथल्या महापालिकेने एका बिल्डरला भुयारी बाजार बांधू दिला, तेव्हा १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झालेलं बांधकाम काढून बाग पुन्हा करायला लावली. नदी नव्हती, धूर नव्हता, साधी बाग होती.

दुसरा प्रसंग. सिन्नरजवळच्या एका खासगी कारखान्याने स्वतःच्या मालकीच्या जागेत साठवलेलं रसायन ओढ्यात झिरपलं आणि खालच्या सहा विहिरी बिघडल्या. जागा खासगी, कोणी कोणाला काही दिलेलं नाही. इथे प्रदूषणकर्त्याने भरायचं. विश्वस्तता ओढून आणायची गरज नाही. आणलीच, तर ती तक्रारी येऊनही डोळे मिटून बसलेल्या सरकारी यंत्रणेविरुद्ध, कारखान्याविरुद्ध नव्हे.

तिसरा प्रसंग साधुग्रामासारखा. भाविकांच्या निवासासाठी महापालिकेच्याच जागेवर तात्पुरते तंबू उभारायचे आहेत आणि त्यासाठी मोठी झाडं तोडायची आहेत. जागा महापालिकेकडेच राहणार, उपयोगही सार्वजनिक. म्हणून मुख्य प्रश्न शाश्वत विकासाचा. झाडं न तोडता आखणी बदलता येते का, दुसरी जागा बघितली का, कोणत्या झाडाचं वय किती, हे सगळं तोडण्याआधी तपासलं का? पन्नास वर्षं आणि त्याहून जुन्या झाडांना आपल्या राज्याच्या कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीनंतर वारसा वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण आहे, त्यामुळे "झाडं किती" याइतकंच "झाडं कोणती" हे विचारावं लागतं. आता याच प्रसंगात एक वाक्य वाढवा. मेळा संपल्यावर ही मोकळी झालेली जागा ३३ वर्षांसाठी एका खासगी कंपनीला प्रदर्शन केंद्रासाठी द्यायची. त्या एका वाक्यासरशी प्रसंग विश्वस्ततेकडे वळतो. वर्गात हे सांगितलं की मुलं पुन्हा प्रश्न वाचायला लागतात, आणि ते मला फार आवडतं.

चौथा प्रसंग दोन्हींचा. गावाच्या जुन्या तलावाची जमीन सरकारने घरबांधणीसाठी एका मंडळाला दिली. घरं गरजूंसाठी आहेत, निम्मी बांधून लोक राहायलाही आले. तिरुपतीजवळच्या अविलाला आणि पेरूर या दोन तलावांबाबत २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असाच वाद होता. तलाव ही विश्वासाने धरलेली मालमत्ता आहे, हे न्यायालयाने ठामपणे सांगितलं. पण झालेली घरं पाडली नाहीत. पुढचं बांधकाम थांबवलं, आणि छतावरचं पावसाचं पाणी जमिनीत जिरवायची सक्ती केली. मला व्यक्तिशः हा निकाल अर्धवट वाटतो, कारण उशिरा कोर्टात आलं तर बुजवलेलं परत मिळत नाही असा धडा त्यातून निघतो. पण उत्तरपत्रिकेत तो जसा आहे तसाच लिहायला हवा.

## "मग सरकारने काही करायचंच नाही का?"

हा आक्षेप दर वेळी येतो आणि तो रास्त आहे. गंगापूर धरणाचं पाणी शहराला जातं, कालव्याला जातं, कारखान्यांना जातं. विश्वस्तता याला मनाई करत नाही. काकांनी द्राक्षं विकायचीच आहेत, बाग विकायची नाही.

शिवाय, बाग विकायची वेळही येऊ शकते. मोटेलच्या निकालातच न्यायालयाने म्हटलं आहे, की विधिमंडळाने कायदा केलेला असेल तर न्यायालय त्याचा अर्थ लावेल. कायदा नसताना, नुसत्या प्रशासकीय निर्णयाने, नैसर्गिक संपत्ती खासगी मालकीत किंवा धंद्यासाठी देता येणार नाही. अपवाद एकच, लोकहितासाठी ते खरोखर गरजेचं आहे आणि हेतू प्रामाणिक आहे, असं न्यायालयाला पटलं तर. म्हणजे पालकाने कोर्टाची परवानगी काढण्यासारखंच. "विश्वस्तता म्हणजे संपूर्ण बंदी" असं लिहिणारा विद्यार्थी इथे गुण घालवतो.

## "सातबारा माझ्या नावावर आहे, तरी?"

नदीकाठच्या जमीनमालकांचा हा प्रश्न. आपल्याकडे पूररेषा दोन आहेत. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी जिथवर पोहोचतं ती निळी, आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळ्या रेषेच्या आत खासगी सातबारा असलेल्या जमिनी आहेत. तिथे सरकारने कोणाला काही दिलेलं नाही, म्हणून विश्वस्ततेचा पहिला धक्का त्या मालकाला बसत नाही. मालकी त्याचीच राहते, बांधकामावर मात्र नियोजनाच्या नियमांची बंधनं येतात, आणि त्यामागे सावधगिरीचाच विचार आहे. उद्या एखाद्या यंत्रणेने दबावाखाली ती रेषाच नदीकडे सरकवली, तर मात्र तक्रारीचं बोट पुन्हा सरकारकडे वळतं.

## "याचा सामान्य माणसाला उपयोग काय?"

उपयोग दाद मागताना होतो. हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यात, कलम २० मध्ये, शाश्वत विकास, सावधगिरी आणि प्रदूषणकर्त्याने भरणं ही तीन तत्त्वं नावानिशी लिहिली आहेत. विश्वस्तता त्या कलमात नावानिशी नाही. ती न्यायालयांच्या निकालांतून आणि राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कातून येते. म्हणून "हा पट्टाच बेकायदा आहे" असं म्हणायचं असेल, तर बहुतेक वेळा उच्च न्यायालयात रिट करावं लागतं. "ओढा नासवला, भरपाई द्या" असं म्हणायचं असेल, तर पुण्याचं हरित न्यायाधिकरण जवळचं.

न्यायाधिकरणात मुदतही मोजली जाते. पर्यावरणाच्या वादासाठी कारण पहिल्यांदा घडलं त्या दिवसापासून सहा महिने, भरपाईसाठी पाच वर्षं. माझ्याकडे एक गृहस्थ नाल्यातल्या भरावाचे फोटो घेऊन आले होते. ट्रक, मुरूम, वाकलेली बाभूळ, सगळं स्पष्ट दिसत होतं. भराव कधी सुरू झाला, असं विचारलं, तर म्हणाले, "मागच्या दिवाळीच्या आसपास, साहेब." आम्ही फोनमधल्या जुन्या फोटोंच्या तारखा चाळत बसलो. पहिला ट्रक दिसत होता तो फोटो आठ महिन्यांपूर्वीचा निघाला.